रात्रभर चार्जिंग आणि त्याची अट

लेख जवळपास तीन हजार शब्दांचा होता, मोबाइलच्या बॅटरीबद्दल. लिहिणाऱ्या मॅडम रसायनशास्त्राच्या, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक विधानामागे एक अट होती. 'तापमान जास्त असेल तर', 'बराच काळ तशीच राहिली तर', 'साधारणपणे'. सकाळी संपादक म्हणाले, "याचं न्यूजलेटर, एक मिनिटाचा व्हिडिओ आणि थोड्या पोस्ट संध्याकाळपर्यंत हव्यात. व्हिडिओ रात्रभर चार्जिंगवर करू, लोक तेच विचारतात." विषय त्यांनी अचूक निवडला होता. पण सोबत पहिली ओळही लिहून आणली होती: 'तुम्ही रोज रात्री तुमच्या फोनची बॅटरी मारताय!' लेखात असं वाक्य कुठेच नव्हतं. त्याच्या जवळ जाणारंही नव्हतं.

अशा कामात बहुतेक जण लेख उघडतात आणि कात्री चालवतात. तीन हजारांचे तीनशे, तीनशेचे तीस. यात सगळ्यात आधी गळते ती अट, कारण व्याकरणाच्या दृष्टीने तिच्याविना वाक्य पूर्णच वाटतं. म्हणून मी आधी काहीही कापत नाही. एका तक्त्यात लेखातली विधानं उतरवतो. डाव्या रकान्यात विधान, उजव्या रकान्यात त्याची अट, आणि शेजारी लेखातला परिच्छेद क्रमांक. रुक्ष काम आहे, तास-दीड तास सहज जातो. पण त्यानंतर कुठलं विधान कुठे जाऊ शकतं ते त्या तक्त्यावरूनच दिसायला लागतं. अट चार शब्दांत बसत असेल तर ते विधान व्हिडिओत चालतं. अटीला परिच्छेद लागत असेल तर ते न्यूजलेटरमध्ये. त्याहून मोठी असेल तर ते मूळ लेखातच राहू द्यायचं.

रात्रभर चार्जिंगची ओळ तक्त्यात अशी उतरली. फोन पूर्ण भरला की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं, त्यामुळे बॅटरी 'जास्त भरून' बिघडण्याची भीती नाही. मात्र लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहिली तर अर्धवट भरलेल्या अवस्थेपेक्षा लवकर जुनी होते, आणि उष्णतेने तो वेग आणखी वाढतो. फोन उशीखाली चार्ज होत असेल तर दोन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणजे उत्तर 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही, आणि व्हिडिओला हे असं उत्तर मुळीच मानवत नाही.

"सर, ही पहिली ओळ चालणार नाही. मॅडमनी असं कुठेच लिहिलेलं नाही."

"अरे, अटी सांगत बसलो तर बघणारा पुढे सरकेल. पहिल्या दोन-तीन सेकंदांत पकडावं लागतं."

ते बरोबरच बोलत होते. मग मी अटच पहिल्या ओळीत घेतली: 'फोन रात्रभर चार्जिंगला लावता? लावा. फक्त उशीखाली नको.' संपादकांनी ती दोनदा मोठ्यांदा वाचली आणि आपला कागद चुरगळला. 'लावा' ऐकून माणूस थबकतो, कारण त्याने आजवर उलटं ऐकलेलं असतं. आणि 'उशीखाली नको'मध्ये अख्खी अट येते.

पुढची स्क्रिप्ट दोन रकान्यांत लिहिली, एकीकडे आवाज आणि दुसरीकडे दृश्य. साठ सेकंदांसाठी मी एकशे वीस-तीस शब्दांच्या वर जात नाही. शब्द मोजून मात्र भागत नाही, घड्याळ लावून वाचावंच लागतं. आकडे कागदावर छोटे आणि तोंडात लांब असतात. '२०% ते ८०%' लिहायला एवढंसं, पण उच्चारायला 'वीस टक्के ते ऐंशी टक्के'. शिवाय तो आकडा कानावरून निघून जातो. म्हणून आवाजात फक्त 'काठोकाठ भरून ठेवू नका' ठेवलं आणि ८०% पडद्यावर दाखवलं. अनेक फोनमध्ये चार्जिंग ८०% जवळ थांबवण्याची किंवा उरलेलं पहाटे पूर्ण करण्याची सोय असते. ती सेटिंगमध्ये कुठे शोधायची हे बोलून सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, तेव्हा उपशीर्षकं हवीतच. ती अगदी तळाशी टाकली की अ‍ॅपची बटणं आणि खात्याचं नाव त्यांच्यावर येतं, म्हणून थोडी वर घेतली.

लिथियम-आयन बॅटरी १९९१मध्ये बाजारात आली, २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल तिच्या संशोधकांना मिळालं, हा भाग मला स्वतःला लेखात सर्वांत आवडला होता. व्हिडिओत त्याचं एक अक्षरही नाही.

न्यूजलेटरसाठी मी मुद्दाम वेगळं विधान उचललं. तिन्हीकडे रात्रभर चार्जिंगच सांगितलं असतं तर आमच्या नियमित वाचकाला तेच तीनदा वाचावं लागलं असतं. 'बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करा' हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांसाठी होता; त्यांच्यात क्षमता घटल्यासारखी वागणूक दिसायची. लिथियम-आयनला ते लागू नाही, उलट वारंवार पूर्ण उतरवणं तिला मानवत नाही. हे समजावायला थोडी ऐसपैस जागा लागते आणि ईमेल वाचणारा ती देतो. विषयओळ ठेवली: 'बॅटरी पूर्ण उतरवायचा सल्ला कुठून आला?' फोनवर लांब विषयओळ कापली जाते, म्हणून महत्त्वाचे शब्द आधी. तिच्याखालची पूर्वदर्शनाची ओळ, आम्ही तिला प्रीहेडर म्हणतो, वेगळी लिहिली. ती रिकामी सोडली तर ईमेल अ‍ॅप मजकुरातलं पहिलं जे सापडेल ते उचलतं, आणि बहुधा ते 'ब्राउझरमध्ये पाहा' असतं.

पोस्टचं काम सर्वांत छोटं दिसतं आणि सर्वांत जास्त डोकं खातं. एक्सवर २८० अक्षरांची मर्यादा, पण देवनागरीत काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजले जातात. 'क्षमता' डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, मोजणीत सहा होतात. लिंक कितीही लांब असो, तिचे २३ जातात. सोशल सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने त्यामुळे मजकूर दोन पोस्टमध्ये तोडला होता: पहिलीत 'पूर्ण भरल्यावर चार्जिंग आपोआप थांबतं', दुसरीत उष्णतेचं.

"पहिलीचाच स्क्रीनशॉट फिरला तर?" मी विचारलं.

"मग काय, अर्धंच कळेल," तो म्हणाला, आणि स्वतःच परत लिहायला बसला. शेवटी एकाच पोस्टमध्ये बसवलं:

'रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन पूर्ण भरल्यावर चार्जिंग स्वतःच थांबवतो. बॅटरीला सोसत नाही ते पूर्ण भरलेलं असताना गरम राहणं. म्हणून फोन उशीखाली नको. मोकळ्या, कठीण पृष्ठभागावर ठेवा.'

लिंक धरूनही बसलं. इन्स्टाग्रामच्या मजकुरात लिंकवर टिचकी मारता येत नाही, म्हणून तिथे 'पूर्ण लेख वाचा' न लिहिता उशी आणि टेबल अशी दोन चित्रं दिली.

पाठवायच्या आधी सगळं मॅडमना दाखवलं. लेख पुन्हा वाचायला न लावता, फक्त तक्ता आणि प्रत्येक तुकडा कुठल्या परिच्छेदातून आला तो क्रमांक. त्यांनी एकच बदल सांगितला: न्यूजलेटरमध्ये 'पूर्ण उतरवू नका'च्या जागी 'वारंवार पूर्ण उतरवू नका' करा, एखाद वेळी उतरली तर काही बिघडत नाही.

त्या एका शब्दासाठी ईमेल थांबवून ठेवला होता, तो बरा. लेख नंतर कधीही सुधारता येतो, पोस्ट काढून नवी टाकता येते, व्हिडिओखाली निदान खुलासा लिहिता येतो. गेलेला ईमेल मात्र परत बोलावता येत नाही, म्हणून तपासणीत तो नेहमी पहिला असतो आणि पाठवताना शेवटचा.