कॅश रुपयाला रुपया जुळली तेव्हा

आमचा धंदा हळदीचा. कारखाना कुपवाड एमआयडीसीत आणि खरेदीचं ऑफिस सांगलीच्या मार्केट यार्डात. हळदीचा सीझन आणि मार्च एंडिंग एकाच वेळी अंगावर येतात, आणि ते निस्तरून होतं न होतं तोच एचआरचा अप्रेझल फॉर्म येतो. अकाउंट्सच्या माणसासाठी त्यात चार रकाने असतात: अचूकता, वेळेत क्लोजिंग, नियमांचं पालन आणि पैशातला प्रामाणिकपणा. प्रत्येकाला पाचपैकी गुण. माझ्या हाताखाली दोन क्लार्क कॅश सांभाळतात. कारखान्यात एक तरुण मुलगी, आणि यार्डात एक जुने, वयाने माझ्यापेक्षा मोठे गृहस्थ. त्यांना सगळे काकाच म्हणतात.

एचआरने फॉर्मसोबत आकडे जोडले होते. वर्षभरात मुलीच्या कॅशमध्ये अकरा वेळा फरक, काकांकडे शून्य. मार्चची ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, काकांनी २ एप्रिलला दिली, मुलीने ५ ला. मुदत होती ३ तारखेची. शिवाय मुलीच्या फाइलला एक तक्रार लावलेली होती, ‘सहकार्य करत नाही’.

ज्याने स्वतः रोख हाताळली आहे, त्याला तो शून्य खटकतो. हमाली, तोलाई, टेम्पोभाडं, चहापाणी असे दिवसाला पन्नासएक व्यवहार होतात. कुणाला पाच रुपये सुटे मिळत नाहीत, कुणी दहाची नोट सोडून जातो. मुलगी रोज संध्याकाळी नोटा मोजून कुठल्या किती ते लिहिते आणि सात रुपये कमी आले तर ‘कॅश शॉर्ट-एक्सेस’ खात्याला सात रुपये टाकून माझी सही घेते. एचआरने मोजलेले अकरा फरक ते हेच. सगळ्यात मोठा होता बावीस रुपयांचा.

३१ मार्च २०२५ ला संध्याकाळी ऑडिटरकडच्या मुलाला घेऊन मी यार्डात न सांगता कॅश मोजायला गेलो. पुस्तकात शिल्लक १८,२६४ रुपये. नोटा आणि चिल्लर मिळून भरले १५,२६४. उरलेल्या तीन हजारांसाठी काकांनी एक चिठ्ठी पुढे केली, ड्रायव्हरने उचल घेतल्याची. म्हणाले, ‘‘झालं की ओ साहेब, रुपयाला रुपया.’’

चिठ्ठी म्हणजे कॅश नव्हे. पैसे ड्रायव्हरकडे गेले त्या क्षणी त्याच्या नावे अॅडव्हान्स पडायला हवा, नाहीतर महिनाभर तीच चिठ्ठी नोटेसारखी मोजली जाते आणि ड्रायव्हर नोकरी सोडून गेला की कुणाला पत्ता नसतो. ऑडिटरकडचा मुलगा शिकाऊ, पण चलाख. त्याने ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला. मागे स्टीलची डबी होती, तिच्यात ८४६ रुपये.

शून्य फरकाचं उत्तर त्या डबीत होतं. कॅश जास्त आली की वरचे पैसे डबीत, कमी आली की डबीतून भर. काका अजिबात गडबडले नाहीत. ‘‘साहेब, यातला एक रुपया मी खाल्ला नाही ओ. पोरांना चहासुद्धा माझ्या खिशातनं पाजतो.’’ माझा विश्वास बसला, आजही आहे. पण अशी डबी असली की बावीस रुपयांची चूक आणि दोन हजारांची चूक बाहेरून सारखीच दिसते, म्हणजे दिसतच नाही. काकांच्या जागी उद्या दुसरा बसला तर त्याला पहिल्याच दिवशी आयतं भोक मिळणार.

तिथवर निभावलं असतं. मग मुलाने हमालीची व्हाउचरं काढली. मुकादमाला २७ मार्चला ९,०००, २८ ला ९,००० आणि २९ ला ८,०००. आयकराच्या तेव्हाच्या ४०ए(३) कलमानुसार एका दिवसात एका माणसाला दहा हजारांवर रोख दिली तर तो खर्च उत्पन्नातून वजा मिळत नसे. पैसे खरोखर तीन दिवस थोडे थोडे दिले असतील तर हरकत नाही. पण २७ ला व्हाउचर टाकण्याआधी पुस्तकात शिल्लकच ६,१२० रुपये होती. त्यातून नऊ हजार गेले कसे? टॅलीत त्या दिवशी कॅश २,८८० ने मायनस दाखवत होती. गल्ल्यात उणे नोटा नसतात. २९ ला शनिवार, पण महिन्यातला पाचवा, म्हणून बँक उघडी होती. त्या दिवशी पन्नास हजार काढले आणि शिल्लक पुन्हा सरळ झाली. दुसऱ्या दिवशी पाडवा असल्याने मुकादमाला हमालांचे पैसे आदल्या दिवशीच हवे होते. नोंद खरोखर केव्हा केली ते दाखवणारा एडिट लॉग बघितला तर तिन्ही नोंदी २९ लाच, काही मिनिटांच्या अंतराने केलेल्या. म्हणजे सव्वीस हजार एकरकमी दिले आणि तारखा मागे ओढल्या.

‘‘खरेदीच्या साहेबांनी सांगितलं, असंच करतात म्हणून,’’ काका म्हणाले. यावेळी आवाज खाली होता.

आता त्या तक्रारीचं. पाडव्याच्या आधी कारखान्याच्या मुकादमालाही असेच एकरकमी पैसे हवे होते. मुलीने त्याला बँक पासबुकाची झेरॉक्स आणायला लावली आणि रक्कम खात्यावर भरली. तेवढ्यात हमाल बसून राहिले, एक ट्रक दोन तास उभा राहिला आणि खरेदीच्या साहेबांनी तिच्याविरुद्ध मेल टाकला. एचआरला तो मेल दिसला, वाचलेला खर्च दिसला नाही. न घडलेल्या नुकसानीची नोंद कुठल्याच रिपोर्टमध्ये नसते.

आणि तिचे ते उशिराचे दोन दिवस? एका टेम्पोवाल्याच्या हिशोबात आणि आपल्या लेजरमध्ये २७० रुपयांचा फरक होता. तिच्याआधीचा क्लार्क असले फरक न लागलेल्या रकमांच्या ‘सस्पेन्स’ खात्याला टाकून मोकळा व्हायचा आणि त्याचं क्लोजिंग नेहमी वेळेत असायचं. हिने आधी २७० ला नऊने भागून बघितलं. पूर्ण भाग गेला की आकडे उलटे पडल्याचा संशय घ्यायचा, हे तिला मी शिकवलेलं नाही, ती शिकूनच आली होती. मग एकेक बिल लावत बसली. ४,६३० चं बिल ४,३६० ने चढलं होतं. ‘‘सर, आज सोडलं असतं तर ऑडिटला मीच शोधत बसले असते,’’ एवढंच म्हणाली. तरी मी तिला वेळेच्या रकान्यात पाच दिले नाहीत. फरक ३ तारखेच्या सकाळी मला सांगितला असता, तर ट्रायल बॅलन्स त्या एका टिपेसकट पुढे पाठवता आली असती. मुदत चुकणं आणि मुदत चुकणार हे न सांगणं, यातलं दुसरं मला जास्त लागतं.

तिला मी अनुक्रमे ५, ३, ५, ५ दिले. काकांना अचूकतेत २, वेळेत ५, नियमांत १. प्रामाणिकपणाच्या रकान्यात मात्र हात अडला. पैसा खाल्ला नाही हे खरं, तारखा खोट्या टाकल्या हेही खरं, आणि त्या स्वतःच्या फायद्यासाठी टाकल्या नाहीत हेही खरं. मी रकाना रिकामा सोडून खाली चार ओळी लिहिल्या. सॉफ्टवेअर रिकामा रकाना घेत नाही. शेवटी ३ टाकले. तो आकडा मला अजून पटलेला नाही. डबीतले ८४६ रुपये कॅश एक्सेसला जमा केले, ड्रायव्हरच्या नावे तीन हजार टाकले आणि मुकादमाचे सव्वीस हजार ऑडिटरला सांगून नामंजूर खर्चात दाखवायला दिले.

एचआरमधून फोन आला, शून्य फरक असलेल्या माणसाला अचूकतेत दोनच कसे? समजावून सांगितलं. ‘बघतो’ म्हणाले. मी विचारलं, तारखा ओढायला सांगणाऱ्याच्या फॉर्मचं काय? तो खरेदी विभागाचा फॉर्म. त्यात भाव, माल आणि वेळ असे तीनच रकाने आहेत, आणि तिन्हीत त्यांना पाच मिळाले आहेत.