रापणकाराचा गुडघा

पर्वरीच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओतला माझा शेवटचा दिवस. माझ्या जागी आलेली मुलगी डिचोलीची. तिच्यासाठी मी चार पानी हँडओव्हर नोट लिहिली होती आणि ती पुरेशी आहे अशी माझी खात्री होती. तरी म्हटलं, मी शेजारी असेपर्यंत तिने निदान एक शॉट त्या नोटवरून करून बघावा.

शॉट रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून मासेमारीचं मोठं जाळं ओढण्याचा होता. म्हातारा रापणकार वाळूत पाय रोवून, मागे रेलून दोर ओढतो. तासाभराने तिने हाक मारली, "दादा, याचा गुडघा उडतोय."

माझ्या नोटमध्ये एवढंच होतं: "पाय पूर्ण सरळ करू नये." वाचून तिला काहीच कळलं नव्हतं, आणि त्यात तिची चूक नव्हती. का करू नये, तेच मी लिहिलं नव्हतं.

मग आम्ही आकडे मांडले. या रिगमध्ये, म्हणजे पात्राच्या हलवता येणाऱ्या सांगाड्यात, मांडी 40 सेंटिमीटर आणि पोटरी 40, म्हणजे पूर्ण ताणलेला पाय 80. पाऊल आयके कंट्रोलने वाळूवर खिळलेलं असतं आणि कंबर आपण हलवतो, त्यामुळे गुडघा किती वाकेल हे कंबर ते घोटा या अंतरावर ठरतं. अंतर 80 असेल तर वाक शून्य. 79 केलं की गुडघा एकदम 18 अंश वाकतो आणि सहा सेंटिमीटरहून जास्त पुढे येतो. त्यानंतरचा सेंटिमीटर मात्र साडेसात अंशांचीच भर घालतो. पाय जवळजवळ सरळ असताना कंबर बोटभर हलली तरी गुडघा हातभर हलल्यासारखा दिसतो, तो यामुळे.

तिच्या शॉटमध्ये मागे रेलताना अंतर 78वरून 81वर जाऊन परत 79वर येत होतं. 81 हे पायाच्या आवाक्याबाहेरचं. या रिगला स्ट्रेच नाही, म्हणजे पाय ताणून लांब होत नाही, म्हणून त्या फ्रेमवर टाच वाळूवरून उचलली जात होती. बाजूच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यावर ते तिला लगेच दिसलं. तिने त्या दोन फ्रेमवर कंबर तीन सेंटिमीटर आत घेतली आणि रेलण्याचा भाव पाठीच्या कण्यातून काढला. गुडघा शांत झाला. म्हातारा जास्त जोर लावतोय असंही वाटायला लागलं. नोटमधली ती ओळ खोडून मी हा सगळा हिशेब लिहिला.

दुसरी अडचण मला माहीत होती, पण नोटमध्ये नव्हती. पोझ कॉपी करून उलटी पेस्ट केली की सगळं शरीर आरशासारखं फिरतं, दोन्ही हात मात्र होते तिथेच राहतात. एररही येत नाही. कारण नावात आहे. आमचं सॉफ्टवेअर, ब्लेंडर, डाव्या `hand_ik.L`चा जोडीदार म्हणून उजवं `hand_ik.R` शोधतं आणि आमच्या रिगमध्ये त्या हाडाचं नाव `hand_ik.R.001` असं पडलंय. उलट बाजूने त्याचा जोडीदार म्हणून `hand_ik.L.001` शोधलं जातं, तेही सापडत नाही. मिरर करताना जुनं हाड पुसायचं राहिलं होतं. ती चूक माझी.

"मग नाव बदलूया की," ती म्हणाली. मी तिला थांबवलं. अ‍ॅनिमेशनच्या कर्व्ह, म्हणजे हालचालीच्या नोंदी, हाडाला नावानेच ओळखतात:

```
pose.bones["hand_ik.R.001"].location
```

रिगच्या फाइलमध्ये नाव बदललं तर त्या फाइलमधल्या कर्व्ह सुधारतात. पण आमच्या शॉटच्या फाइली वेगळ्या आहेत आणि रिग त्यांत लिंक केलेली आहे. त्यांना नव्या नावाचा पत्ता लागत नाही आणि झालेल्या प्रत्येक शॉटमध्ये उजवा हात मूळ जागी जाऊन बसतो. कर्व्हमधलं नाव प्रत्येक शॉटमध्ये स्क्रिप्टने बदलता येतं. पण दोर हाताला धरून ठेवणाऱ्या कन्स्ट्रेंटमध्येही हेच नाव आहे, ते वेगळं बदलावं लागतं. चालू एपिसोड संपेपर्यंत त्याला हात लावू नये हे माझं ठाम मत आहे. नवा एपिसोड सुरू होण्याआधी मात्र दुरुस्त करावंच.

तोवर पेस्ट झाल्यावर डाव्या हाताच्या मूळ पोझचे आकडे उजव्या हाताला आणि उजव्याचे डाव्याला स्वतः भरायचे: लोकेशनमध्ये एक्सचं चिन्ह उलटं, रोटेशनमध्ये वाय आणि झेडचं.

हे तिने स्वतः एकदा करून पाहिलं. दोन्ही हात दोरावर बरोबर बसले. मग नोट आपल्याकडे ओढून गुडघ्याच्या हिशेबाखाली तिने तिची एक ओळ लिहिली: "शंका आली तर आधी बाजूचा कॅमेरा लावून टाच बघ." मी फाइल सेव्ह केली आणि खुर्ची तिला दिली.