कण्हेरीचा भोपळा

भाची अकरावीला, सांगलीतच. प्रोजेक्ट काय तर कुठलं पान किती पाणी उडवतं, त्यासाठी पर्णरंध्रं मोजायची, म्हणजे पानावरची हवा आणि वाफ ये-जा करायची बारीक भोकं. म्हणून रविवारी मामाच्या डोक्यावर. मावशीची बिनरंगाची नेलपॉलिश, स्टेशनरीतली पारदर्शक टेप आणि कॉलेजातून मागून आणलेला आरशाचा जुना मायक्रोस्कोप, एवढीच तयारी.

पानाच्या खालच्या बाजूला पॉलिशचा एकच पातळ हात मारायचा, चांगली दहा मिनिटं वाळू द्यायची, वर टेप दाबायची आणि हळूच ओढायची, पानाचा ठसा टेपवर येतो, तो काचपट्टीवर चिकटवायचा. आम्ही पहिला हात जाड मारला. काचेत गोल गोल दिसलं की ही खूश, "मामा, केवढी आहेत बघ की!" ते बुडबुडे होते. बुडबुड्याला जाड काळी कड असते, पर्णरंध्र म्हणजे दोन राजमे समोरासमोर ठेवून मधे चीर सोडल्यासारखं.

मोजायचं तर किती जागेतलं, हे पाहिजे. १० च्या भिंगाखाली प्लॅस्टिकची पट्टी धरली, गोलात १.८ मिलिमीटर मावले, म्हणजे ४० च्या भिंगाला त्याच्या चौथाई, ०.४५. त्या गोलाचं क्षेत्रफळ साधारण ०.१६ चौरस मिलिमीटर. जास्वंदीच्या चार जागा मोजल्या: २७, २४, २९, २८. कडेवर अर्धी कापलेली रंध्रं फक्त वरच्या निम्म्या कडेची धरली, नाहीतर आकडा फुगतो. सरासरी २७, म्हणजे चौरस मिलिमीटरला १७० च्या आसपास.

मग कंपाउंडची कण्हेर. (विषारी झाड, हात धुवायला लावले.) वरून शून्य, खालून पण शून्य! तीनदा ठसा घेतला, नुसते केसाळ डाग. ही वहीत ० लिहून मोकळी. म्हटलं अगं, रंध्रंच नसतील तर झाड हवा घेतं कुठून? मग ब्लेडने पानाचा आडवा पातळ काप घेतला, दहा-बारा वाया गेले तेव्हा एक जमला, पाण्याच्या थेंबात ठेवला. खालच्या बाजूला खड्डे, खड्ड्यांत केस, आणि रंध्रं त्या खड्ड्यांच्या आत लपलेली! तिथली दमट हवा वाऱ्याने पटकन उडत नाही, म्हणून पाणी कमी जातं. पॉलिश खड्ड्यात नीट उतरत नाही, उतरली तरी केसांत अडकून तुटते, टेपला काय दिसणार.

म्हणजे नुसत्या मोजणीवरून कोण जास्त पाणी उडवतं ते सांगता येत नाहीच, रंध्रं उघडी किती आणि बसलीत कुठे हे पण बघावं लागतं. म्हणून दोन्ही पानं देठाला व्हॅसलीन लावून दोरीवर टांगली, दर तासाला वजन. संध्याकाळी जास्वंद मान टाकून लोंबत होती आणि कण्हेर होती तशी.

वहीतलं ० खोडून तिने लिहिलं, "ठशातून मोजता आली नाहीत". मावशी अजून बाटली शोधतेय.