बारा हजार की सत्तावन्न हजार?

पुण्यात एका छोट्या प्रकाशन संस्थेत मी संपादनाचं काम करते. गेल्या वर्षी आमच्या हातात पहिल्यांदा विमा घेणाऱ्या तरुण जोडप्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती होती. पहिली आवृत्ती 2021 ची, चांगली खपलेली. शुक्रवारी संध्याकाळी फाइल छापखान्यात जायची होती, त्यामुळे सकाळी मी निर्धास्त होते.

अकराच्या सुमारास अक्षरजुळणी करणारी आमची सहकारी माझ्या टेबलाशी आली. तिचं वय एकोणतीस, बाळ आठ महिन्यांचं, नवरा चाकणला नोकरीला. नवऱ्याच्या कंपनीचा तीन लाखांचा ग्रुप विमा आहे, पण नोकरी सुटली की तो सुटणार, म्हणून दोघं स्वतःची हेल्थ पॉलिसी आणि नवऱ्याच्या नावावर टर्म इन्शुरन्स घ्यायच्या तयारीत होते. हे पुस्तक पानांत बसवता बसवता ती ते स्वतःसाठीही वाचत होती.

"मॅडम, रूम रेंटचा हिशोब चुकलाय," ती म्हणाली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. तिच्या दिराचं मनगट मोडलं होतं, ऑपरेशन करून प्लेट बसवली होती. विमा कंपनीचं क्लेमचं पत्र त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकलेलं होतं. "पुस्तकाप्रमाणे भाऊजींना खिशातून बारा हजार भरावे लागायला हवे होते. त्यांनी सत्तावन्न हजार भरलेत."

मी खुर्ची ओढून तिला बसवलं आणि आम्ही दोघींनी कागदावर मांडणी केली. पॉलिसी पाच लाखांची, रूम रेंटची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे 5,000 रुपये. खोली घेतली 8,000 ची, मुक्काम चार दिवस. बिल बरोबर दोन लाखांचं: खोलीचे 32,000, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंग मिळून 1,20,000, औषधं, एक्स-रे आणि प्लेट मिळून 48,000.

आमच्या पुस्तकात असाच प्रसंग घेऊन लिहिलं होतं, की मर्यादेवरचे रोजचे तीन हजार तुमचे, चार दिवसांचे बारा हजार. वाचताना ते इतकं स्वाभाविक वाटतं की मी ते तीनदा वाचूनही थांबले नव्हते. पण ज्या पॉलिसीत खोलीभाड्याच्या प्रमाणात कपातीची अट असते, तिथे कात्री फक्त खोलीवर चालत नाही. बऱ्याच हॉस्पिटलांत महागडी खोली घेतली की सर्जनची फी आणि थिएटरचा दरही त्या खोलीच्या वर्गानुसार चढतो. म्हणून कंपनी पाच भागिले आठ हे प्रमाण काढते आणि तेच या खर्चांनाही लावते. खोलीचे 32,000 चे होतात 20,000. एक लाख वीस हजारांचे होतात 75,000. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेली प्लेट यांना मात्र हे प्रमाण लावायचं नाही, असं नियामकाने 2020 मध्ये ठरवून दिलं. ते 48,000 पूर्ण. बेरीज 1,43,000. दोन लाखांतून वजा केले तर सत्तावन्न हजार. पत्रातला आकडा तंतोतंत.

मी लेखकांना फोन लावला. सज्जन गृहस्थ, या क्षेत्रात आयुष्य घालवलेले. ते म्हणाले, "सामान्य वाचकाला प्रमाणात कपात समजत नाही, म्हणून सोपं केलं." मी म्हटलं, "सर, पण वाचक या उदाहरणावरून पॉलिसी निवडणार. रूम रेंटची मर्यादा असलेल्या पॉलिसीचा प्रीमियम कमी असतो. बाराच हजारांचा प्रश्न असेल तर तो ती पॉलिसी घेईल, आणि हॉस्पिटलच्या काउंटरवर त्याला कळेल." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मांडा तुमचा हिशोब. आणि एक ओळ घाला, की जिथे रकमेची मर्यादा नसते तिथेही 'सिंगल प्रायव्हेट रूम' असा वर्ग लिहिलेला असू शकतो, आणि त्याहून वरची खोली घेतली तरी हीच कात्री लागू शकते." ही ओळ मला सुचली नसती.

एक आकडा चुकलेला निघाल्यावर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा? दुपारी आम्ही दोघी पुस्तकातले सगळे आकडे पुन्हा तपासायला बसलो. आधीपासून असलेल्या आजारासाठीची प्रतीक्षा 'जास्तीत जास्त 48 महिने' अशीच राहिली होती. 2024 पासून ती जास्तीत जास्त 36 महिने आहे. पॉलिसी मिळाल्यावर ती वाचून परत करण्याची मुदत पंधरा दिवसांची तीस दिवस झाली आहे, तीही जुनीच होती. मुखपृष्ठावर मात्र 'सुधारित' हा शब्द होता. आमच्याकडे सुधारणेची यादी लेखकाकडून येते आणि आम्ही तेवढीच पानं बदलतो. त्या दिवसापासून मी हे थांबवलं आहे.

सर्वांत अवघड वाक्य मात्र आकड्यांच्या बाहेर होतं. हेल्थ पॉलिसी सलग आठ वर्षं चालली की माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, असं जुन्या आवृत्तीत होतं. 2024 मध्ये आठाची पाच वर्षं झाली. मी आठ खोडून पाच लिहिलं आणि पुढे निघाले.

ती तिथेच अडकली होती. "मॅडम, म्हणजे माझं थायरॉइड पाच वर्षं कळू दिलं नाही तर चालतं? एजंटही म्हणाला, एवढ्याशा गोळीचं काय लिहायचं."

तिला गरोदरपणात थायरॉइडचा त्रास निघाला आणि गोळी तेव्हापासून चालू आहे. ती प्रामाणिक मुलगी आहे. प्रश्न तिने खोडसाळपणे विचारला नव्हता. आमचं वाक्यच तिला तिथे घेऊन गेलं होतं. मी आतून हलले. घरात तान्हं मूल असताना या वाक्यावर भरवसा ठेवून कुणी फॉर्मवर 'नाही' लिहिलं असतं तर?

आम्ही तो परिच्छेद नव्याने लिहिला. पाच वर्षांनंतरही फसवणूक सिद्ध झाली तर क्लेम नाकारता येतो, हे आधी. पाच वर्षांच्या आत माहिती लपवल्याचं उघड झालं तर क्लेम तर जाऊ शकतोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते, हे त्यानंतर. आणि शेजारीच टर्म इन्शुरन्सची तीन वर्षं येत होती, ती वेगळ्या पानावर नेली, कारण आयुर्विम्याचा तो नियम विमा कायद्याच्या कलम 45 मधला आहे. त्यात तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, आणि ती तीन वर्षं बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली की नव्याने मोजली जातात. दोन्ही नियम एका दमात वाचले की माणूस एकाचं दुसऱ्याला लावतो. टर्मच्या बाकी प्रकरणाला हात लावावा लागला नाही. प्रीमियम परत मिळणाऱ्या टर्म पॉलिसीपेक्षा साधी टर्म आणि जास्त रक्कम बरी, हे तिथे खणखणीत लिहिलेलं होतं, आणि माझंही तेच मत आहे.

फाइल त्या संध्याकाळी गेली नाही. छापखान्याला सोमवार सांगितला. दिराच्या बिलाचं कोष्टक, नाव-गाव काढून आणि त्यांची परवानगी घेऊन, तिनेच पानात बसवलं.

सोमवारी सकाळी तिने स्वतःचा प्रपोजल फॉर्म आणला. एजंटने भरून दिलेल्या प्रतीत आजारांच्या रकान्यापुढे 'नाही'वर आधीच खूण होती. तिने तो फॉर्म न वापरता दुसरा कोरा मागवून घेतला होता. नव्या फॉर्मवर 'होय'ची खूण, खाली तिच्या गोल अक्षरात गोळीचं नाव, 50 मायक्रोग्रॅम, रोज सकाळी उपाशीपोटी, आणि पहिल्या तपासणीचा महिना. सोबत रिपोर्टची झेरॉक्स टाचलेली होती.

"यावर प्रीमियम वाढवतील का?" तिने विचारलं.

"कदाचित," मी म्हटलं. "वाढवला तर दुसऱ्या कंपनीचाही आकडा बघू. पण ही खूण हीच ठेव."