सही करण्याआधीचा कोड

मी पुण्यात वकिली करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या कामाचा मोठा भाग करारनाम्यांचा असतो. गेल्या वर्षी नाशिकच्या एक प्रोग्रामर बाई माझ्याकडे आल्या. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या, बहुतेक ग्राहक परदेशातले. अमेरिकेतील एका कंपनीसाठी त्या गोदामातील मालाची नोंद ठेवणारी प्रणाली तयार करत होत्या. त्यांचा प्रश्न थोडक्यात होता. "सर, अठरा पानांचा करार आला आहे. आज संध्याकाळपर्यंत सही केली की पहिले पैसे सोडतो म्हणतात. करू ना सही?"

मी विचारले, "काम कधी सुरू केलेत?"

"पाच आठवडे झाले. पहिला टप्पा पूर्ण करून त्यांना दिलाही आहे."

म्हणजे पाच आठवड्यांचे काम केवळ ईमेलवरच्या बोलण्यावर उभे होते. करारावर अंमलाची तारीख मात्र पाच आठवड्यांपूर्वीची घातलेली होती, आणि स्वामित्वाच्या कलमात म्हटले होते की या प्रकल्पासाठी तयार झालेली प्रत्येक गोष्ट निर्माण होताक्षणीच कंपनीच्या मालकीची होईल. "पैसे दिल्यानंतर" हे शब्द त्या कलमात कुठेच नव्हते.

बाईंची समजूत अशी होती की पैसे मिळाले नाहीत तर कोड आपोआप आपलाच राहतो. ही समजूत मला वारंवार भेटते आणि ती अर्धीच खरी असते. भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 याच्या कलम 17 प्रमाणे कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो, आणि संगणक प्रणाली या कायद्यात साहित्यकृतीतच मोडते. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेले काम, विरुद्ध करार नसेल तर, मालकाचे होते. पण स्वतंत्र कंत्राटदार नोकर नसतो. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम 19 प्रमाणे लेखी आणि हक्क देणाऱ्याच्या सहीचे हस्तांतरण लागते. अमेरिकेच्या कायद्यातही मालकीच्या हस्तांतरणाला सहीचा लेख लागतो. करारात 'वर्क मेड फॉर हायर', म्हणजे काम करवून घेणाराच त्याचा पहिला मालक, असा शब्दप्रयोग होता. परंतु बाहेरच्या माणसाकडून करवून घेतलेल्या कामाला तो लागू होण्यासाठी अमेरिकी कायद्याने ठरावीक नऊ प्रकार दिलेले आहेत आणि सॉफ्टवेअर हा त्यात स्वतंत्र प्रकार नाही. म्हणूनच तिकडचे वकील त्यापुढे एक वाक्य जोडतात की हे लागू न झाल्यास कंत्राटदार याद्वारे सर्व हक्क हस्तांतरित करत आहे. खरे काम ते दुसरे वाक्यच करते.

मी त्यांना सांगितले, "आत्ता, या घटकेला, सगळा कोड तुमचा आहे. त्यांनी तो वापरायला घेतला तर वापराची गर्भित परवानगी होती असा युक्तिवाद ते करू शकतील; पण मालकी नाही. तुम्ही सही केलीत की पाच आठवड्यांचे काम एकही डॉलर न मिळता त्यांचे होईल, आणि पुढे पैसे थकले तर तुमच्याकडे फक्त वसुलीचा दावा उरेल." बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी लॅपटॉपवर उघडलेले ई-सहीचे पान बंद केले.

वसुलीचा दावा हे उत्तर किती पोकळ आहे हे पाहण्यासाठी आम्ही पैशांचे कलम उघडले. एकूण रक्कम 16,000 डॉलर. सहीनंतर 1,600, पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याला प्रत्येकी 4,000, आणि शेवटी 6,400. त्यांच्या अंदाजाने दुसऱ्या टप्प्याअखेर ऐंशी टक्के काम होणार होते. पैसे मात्र साठ टक्के. शिवाय शेवटचा हप्ता "कंपनीचे पूर्ण समाधान झाल्यावर आणि प्रणाली गोदामात प्रत्यक्ष सुरू झाल्यावर" मिळणार होता. गोदामातले स्कॅनर कंपनी कधी बसवणार, हे बाईंच्या हाती नव्हते. वाद झालाच तर न्यायालय अमेरिकेतले, आणि 6,400 डॉलरसाठी तिथे वकील लावणे हा आतबट्ट्याचा व्यवहार. म्हणून मी अशीलांना सांगतो की अशा करारात न्यायालयाच्या कलमापेक्षा हप्त्यांच्या कोष्टकाकडे आधी पाहावे. कोणत्याही दिवशी केलेले काम आणि मिळालेले पैसे यांतली तफावत जितकी, तितकीच खरी जोखीम.

दुरुस्त्यांचा मसुदा करायला दुपार गेली. हप्ते 3,200, 4,800, 4,800 आणि 3,200 असे केले. 'समाधान' काढून प्रत्येक टप्प्याच्या चाचण्या परिशिष्टात लिहिल्या: अमुक इतक्या वस्तूंची यादी आयात झाली पाहिजे, अमुक अहवाल निघाला पाहिजे. कंपनीने दहा कामकाजी दिवसांत कोणती चाचणी फसली हे लेखी कळवायचे. न कळवल्यास तो टप्पा स्वीकारला असे धरायचे. आणि त्या त्या टप्प्याचे हक्क त्या टप्प्याची पूर्ण रक्कम बाईंच्या खात्यात जमा झाल्यावरच कंपनीकडे जातील. तोवर कंपनीला केवळ तपासणीपुरती वापराची परवानगी. ही मागणी अवाजवी नाही, असे माझे मत आहे. पण समोरच्याची भीतीही खरी असते. प्रणालीचा एक भाग आपला आणि एक भाग परक्याचा, या अवस्थेत अडकायला कोणालाच आवडत नाही.

सर्वांत नाजूक मुद्दा बाईंच्याच तोंडून सहज निघाला. बारकोड वाचणारा भाग त्यांनी तीन वर्षांपूर्वीच लिहिला होता आणि आणखी दोन ग्राहकांना वापरायला दिला होता. आलेल्या कराराप्रमाणे प्रकल्पात 'समाविष्ट' झालेली प्रत्येक गोष्ट कंपनीची होणार होती. म्हणजे आपलाच जुना कोड पुढच्या कामात वापरणे हा त्यांचा करारभंग ठरला असता, आणि आधीच्या दोन ग्राहकांना नवे काही देण्याची वाटही बंद झाली असती. आम्ही अशा पूर्वनिर्मित भागांची यादी जोडली. त्यांची मालकी बाईंकडे, कंपनीला या प्रणालीपुरता कायमचा, अनन्य नसलेला वापरहक्क. अशी यादी सहीच्या वेळीच लागते. "हे माझे आधीचे होते" असे मागाहून सिद्ध करणे फार कष्टाचे असते.

कंपनीचे उत्तर चार दिवसांनी आले. यादी आणि दहा दिवसांची मुदत मान्य. हक्कांच्या कलमावर त्यांच्या वकिलांनी भर घातली की रकमेच्या काही भागाबद्दल वाद असल्यास वाद नसलेली रक्कम लगेच द्यायची, आणि तेवढ्या रकमेत मोडणाऱ्या कामाचे हक्क जातील. ही भर मला रास्त वाटली. हस्तांतरण जगभरासाठी आणि कायमचे असेल, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. ते लिहिले नाही तर आपल्या कलम 19 प्रमाणे मुदत पाच वर्षे आणि क्षेत्र केवळ भारत धरले जाते. कराराला तिकडचा कायदा लागू असूनही त्यांनी ही काळजी घेतली, हे मला आवडले.

सही झाली. सहीचा आणि पूर्ण झालेल्या पहिल्या टप्प्याचा असे दोन्ही हप्ते मिळून 8,000 डॉलरचे बिल गेले. आठवड्याने बाईंचा फोन आला.

"सर, 7,975च आले आहेत. मधल्या बँकेने 25 कापले."

बँकेचे शुल्क कोणी सोसायचे, हे वाक्य आम्ही कोणीच लिहिले नव्हते. आणि आमच्याच शब्दांप्रमाणे पूर्ण रक्कम जमा होईपर्यंत पहिल्या टप्प्याचा कोड अजूनही बाईंचाच होता. मी ते कलम उद्धृत करून कंपनीला नम्र ईमेल लिहिले. दुसऱ्या दिवशी 25 डॉलर देण्याचे मान्य झाले, आणि शुल्क पाठवणाऱ्याने सोसावे असे एक ओळीचे दुरुस्तीपत्र आम्ही करारास जोडले.