चूक की बरोबर, आणि कारणाची ती एक ओळ : माझा अनुभव

आमच्या सिंहगड रस्त्यावरील सोसायटीची सचिव झाल्यावर मी पुण्यातील एका संस्थेचा सहकारी गृहनिर्माण संस्था व्यवस्थापनाचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केला. प्रवेश, शुल्क आणि व्याख्याने यांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही, ते सगळे सुरळीत पार पडले. त्रास झाला तो प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या विभागाचा. या विभागात ‘विधान सत्य की असत्य ते लिहा’ आणि ‘एका शब्दात उत्तर द्या’ असे दोन गट होते आणि प्रत्येक उत्तराखाली एका ओळीत कारण मागितलेले होते. उत्तराला एक गुण आणि कारणाला एक गुण, म्हणजे निम्मे गुण त्या एका ओळीवर अवलंबून होते.

सरावासाठी आम्हाला छापील नमुना उत्तरे दिली होती, आणि माझी खरी तक्रार त्यांच्याविषयी आहे. ‘वार्षिक सर्वसाधारण सभा 31 डिसेंबरपर्यंत घेता येते’ या विधानाखाली ‘असत्य, कारण ती 31 डिसेंबरपर्यंत घेता येत नाही’ असे छापले होते. याला कारण म्हणता येत नाही, तो केवळ विधानाचा नकार आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 75 प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत ही सभा घ्यावी लागते, आणि वर्ष 31 मार्चला संपत असल्यामुळे मुदत 30 सप्टेंबरपर्यंत येते. ‘वर्षअखेरीपासून सहा महिने, म्हणून 30 सप्टेंबर’ एवढे लिहिले तरी कारण पूर्ण होते, कारण मुदत कोठून मोजायची हे त्यात आले.

मी अडकले ते बिनभोगवटा शुल्काच्या विधानावर. सराव परीक्षेतील विधान असे होते : ‘सदनिका भाड्याने दिल्यास सोसायटीला मासिक देखभाल बिलाच्या 10 टक्के बिनभोगवटा शुल्क आकारता येते.’ नमुना उत्तरात ‘सत्य, शासनाच्या आदेशानुसार’ असे होते. मी ‘असत्य’ लिहिले होते आणि तपासणाऱ्याने कारणाकडे न पाहता दोन्ही गुण कापले होते. वस्तुस्थिती अशी आहे की शासनाच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशाने ही मर्यादा सेवाशुल्काच्या 10 टक्के एवढी ठरवली आहे आणि त्यातूनही महानगरपालिकेचे कर वगळले आहेत. बिलाच्या एकूण रकमेवर ही टक्केवारी लावायची नसते. एखाद्या सदनिकेचे मासिक बिल 4,200 रुपये आहे आणि त्यात सेवाशुल्क 2,400, दुरुस्ती निधी 900, सिंकिंग फंड 500 व टँकरच्या पाण्याचे 400 रुपये स्वतंत्र दाखवले आहेत असे समजू. बिनभोगवटा शुल्क जास्तीत जास्त 240 रुपये होईल. विधान खरे मानले तर ते 420 रुपये होते. दरमहा 180 रुपयांचा हा फरक एका शब्दाने पडतो, आणि असे बिल हाती आले की भाड्याने दिलेल्या सदनिकेचा मालक भांडायला येतो, हे कोणत्याही सचिवाला सांगावे लागत नाही.

मी उत्तरपत्रिका घेऊन कार्यालयात गेले, तेव्हा समन्वयकांनी ‘नमुना उत्तराप्रमाणेच गुण दिले जातात, मॅडम’ असे सांगून अर्ज लिहून द्यायला लावला. अर्जाचे काय झाले हे विचारायला पुन्हा जावे लागले, तेव्हा तो अर्ज अजून टेबलावरच्या गठ्ठ्यात होता. अखेर हा विषय शिकवणारे सर भेटले, त्यांनी माझी कारणाची ओळ तिथेच उभ्याने वाचली आणि दोन्ही गुण दिले. ओळ अशी होती : ‘असत्य; मर्यादा एकूण बिलाच्या नव्हे, कर वगळून येणाऱ्या सेवाशुल्काच्या 10 टक्के आहे.’ विधान कोणत्या शब्दामुळे चुकते आणि त्या जागी कोणता शब्द हवा, हे दोन्ही तिच्यात होते, म्हणूनच ती नमुना उत्तराविरुद्ध टिकली. नुसते ‘असत्य’ लिहून आले असते, तर मला वाद घालायलाही आधार उरला नसता. याचे समाधान मला आजही आहे आणि त्या गठ्ठ्याचा रागही आहे.

त्यामुळे विधान वाचताना मी आधी ते शब्द शोधते ज्यांच्यावर त्याचा खरेखोटेपणा टेकलेला असतो. ‘कमाल’, ‘सरसकट’, ‘फक्त’, ‘आपोआप’ हे त्यांतले नेहमीचे. महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरणासाठी 25,000 रुपये अधिमूल्य ‘द्यावेच लागते’ असे विधान आले तर ते असत्य आहे, कारण 25,000 ही कमाल मर्यादा आहे आणि त्या मर्यादेत किती आकारायचे हे सर्वसाधारण सभा ठरवते. ‘सभासदाच्या मृत्यूनंतर नामनिर्देशित व्यक्ती आपोआप सदनिकेची मालक होते’ हेही असत्यच, परंतु त्याचे कारण दोन टोकांचे असावे लागते. नामनिर्देशनामुळे ती व्यक्ती वारसांचा प्रश्न मिटेपर्यंत तात्पुरती सभासद होते, आणि मालकी वारसाहक्काच्या कायद्याने ठरते. यातला पहिला भाग गाळला तर नामनिर्देशनाचा काहीच उपयोग नाही असा अर्थ निघतो, आणि तोही चुकीचा आहे.

विधान खरे असेल तेव्हा कारण लिहिणे अधिक अवघड जाते, कारण खोडायला काही नसते. तेथे विधानात न आलेली एखादी अट किंवा तरतूद जोडावी. सदनिकेत सभासदाची विवाहित मुलगी राहत असेल तर बिनभोगवटा शुल्क घेता येत नाही, हे सत्य आहे, आणि त्याचे कारण असे की तिचा समावेश शुल्कातून वगळलेल्या जवळच्या नातेवाइकांमध्ये होतो.

एका शब्दाच्या उत्तरात मी वेगळी सवय लावून घेतली. कारणाच्या ओळीत उत्तराशी गोंधळ होईल असा सर्वात जवळचा शब्द घ्यावा आणि तो का नाही ते सांगावे. ‘सोसायटीतील अंतिम अधिकार कोणाकडे?’ याचे उत्तर ‘सर्वसाधारण सभा’. कारण : ‘कलम 72 प्रमाणे, अधिनियम, नियम व उपविधींच्या अधीन राहून अंतिम अधिकार सभेचा असतो, व्यवस्थापक समिती कारभार पाहते.’ समितीचे नाव घेतल्यामुळे आपण दोघींमधला फरक ओळखला आहे, हे तपासणाऱ्याला लगेच कळते.

वेळेचे सांगायचे राहिले. मी आधी सगळी विधाने वाचून समासात पेन्सिलीने फक्त ‘स’ किंवा ‘अ’ लिहून ठेवते आणि कारणे दुसऱ्या फेरीत लिहिते, कारण पुढच्या एखाद्या प्रश्नात मागच्याची तरतूद जशीच्या तशी छापलेली सापडते. कारण लिहिताना निकाल बदलावासा वाटला, तर आधीचे उत्तर स्वच्छ खोडून नवे लिहावे. ‘सत्य’च्या मागे ‘अ’ चिकटवलेला पाहून तपासणारे गुण देत नाहीत. कलमाचा क्रमांक नक्की आठवत नसेल तर तो लिहू नये, तरतूद शब्दांत लिहावी. बरोबर तरतुदीला क्रमांकाविना गुण मिळतात, पण चुकीचा क्रमांक दिसला की पुढची ओळ वाचलीच जात नाही.