शब्द चुकला तरी मागे वळायचं नाही: पीटीईच्या स्पीकिंगमध्ये मी काय शिकले

नाशिकच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठात शिक्षणशास्त्राच्या मास्टर्ससाठी अर्ज केला. त्यांना पीटीई अकॅडेमिक या संगणकावर द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेत प्रत्येक विभागात किमान 65 हवे होते. दिवसाचे पाच तास इंग्रजीत बोलणाऱ्या बाईला स्पीकिंगची काय भीती, असं घरात सगळ्यांनाच वाटत होतं. मलाही. निकाल आला तेव्हा लिसनिंग, रीडिंग, रायटिंग सगळं पासष्टच्या वर होतं आणि स्पीकिंग 57.

ते दोन दिवस फार वाईट गेले. सगळ्यात जास्त त्रास या गोष्टीचा होत होता की चूक कुठे झाली तेच कळत नव्हतं. निकालपत्रावर आकडा असतो, कुठल्या वाक्याला काय झालं ते नसतं.

परीक्षेआधी मी ज्या क्लासला जात होते तिथे एकच मंत्र होता: मोठ्याने बोला, भरभर बोला, थांबू नका, विसरलात तर मनाचं काहीतरी बोला, मशीनला अर्थ कळत नाही. मी तो नीट पाळला नव्हता, म्हणून मार्क गेले असं तिथे सांगितलं गेलं. पण मला ते पटेना. मग परीक्षा घेणाऱ्यांनीच सगळ्यांसाठी खुली ठेवलेली गुणदानाची पुस्तिका उतरवून घेतली आणि स्पीकिंगची पानं पेन्सिल घेऊन वाचली. जे आधी करायला हवं होतं ते तेव्हा केलं.

स्पीकिंगमधल्या रीड अलाउड या प्रकारात पडद्यावर साठ शब्दांपर्यंतचा एक परिच्छेद येतो. तीसेक ते चाळीस सेकंद मनात वाचायला मिळतात, मग एक बारीक टोन वाजतो आणि लगेच मोठ्याने वाचायचं. टोनच्या आधी तोंड उघडलं तर ते शब्द रेकॉर्डच होत नाहीत. रिपीट सेंटेन्समध्ये तीन ते नऊ सेकंदांचं एक वाक्य एकदाच ऐकू येतं आणि जसंच्या तसं परत म्हणायचं असतं. तिथे टोन नसतो. वाक्य संपलं की माइक उघडा. दोन्हीकडे तीन सेकंद शांतता झाली की रेकॉर्डिंग बंद पडतं, आणि दुसरी संधी नाही.

या दोन्ही प्रकारांत सॉफ्टवेअर तीन गोष्टींचे वेगवेगळे मार्क देतं: मजकूर, उच्चार आणि ओघ. रीड अलाउडच्या मजकुरात हिशोब सरळ आहे. पडद्यावरचा एक शब्द गाळला, एक बदलला किंवा एक जास्तीचा घातला, की प्रत्येकी एक चूक. ओघाला पाच मार्क असतात आणि तिथे अडखळणं, शब्द परत म्हणणं, सुरुवात करून मागे येणं हे सगळं मोजलं जातं. चार मार्कांच्या वर्णनात अशी जास्तीत जास्त एकच जागा चालते. पाचाच्या वर्णनात एकही नाही.

हे वाचताना मी थांबले, कारण मागे येणं हीच माझी रोजची पद्धत आहे. वर्गात कठीण शब्द आला की मी तो दोनदा म्हणते. पोरांच्या वह्यांत उतरेपर्यंत थांबते. चुकून दुसरा शब्द तोंडातून गेला तर लगेच दुरुस्त करते, कारण माझी चूक चाळीस वह्यांमध्ये जाऊ शकते. वर्गात हे चांगल्या शिक्षकाचं लक्षण आहे. त्या माइकसमोर मात्र प्रत्येक दुरुस्ती अंगावर येत होती.

ती किती अंगावर येते हे माझ्या धाकट्या भावाने दाखवलं. तो लग्नाच्या व्हिडिओंचं साउंड एडिटिंग करतो. त्याने मला मोबाइलवर एक वाक्य वाचायला लावलं आणि ते ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. वाक्य मीच माझ्या विषयातलं बनवलं होतं: 'सॉइल दॅट इज लेफ्ट बेअर थ्रू द समर लूजेस मॉइश्चर क्विकली, अँड द फर्स्ट हेवी रेन कॅरीज इट्स अपर लेयर अवे.' एकवीस शब्द. मी वाचलं ते असं: सॉइल दॅट इज लेफ्ट बेअर, थ्रूआउट द... थ्रू द समर, आणि पुढे.

'ताई, हे बघ,' तो म्हणाला. पडद्यावर आवाजाचे डोंगर होते आणि मधेमधे सपाट रेघ. 'इथे थांबलीस, इथे थांबलीस, इथे परत आलीस. तू वाचत नाहीयेस, वर्गाला लिहून देतेयस.'

एकवीस शब्दांना चौदा सेकंद लागली होती. आम्ही दोघांनी बसून त्या एका घसरणीचा हिशोब मांडला. 'थ्रू'च्या जागी 'थ्रूआउट' वाचून मी तशीच पुढे गेले असते, तर एक शब्द बदलल्याची एक चूक. मी मागे आले, म्हणून 'थ्रूआउट' आणि 'द' हे दोन शब्द जास्तीचे झाले. नियमाने दोन चुका. वर ओघात एक थांबणं आणि एक खोटी सुरुवात, ते वेगळंच. म्हणजे दुरुस्त केल्याने मजकुराचंही नुकसान वाढलं आणि ओघाचंही. चूक सुधारली नसती तर मी जास्त मार्क मिळवले असते! इतकी वर्षं अंगात मुरलेली सवय सोडायला हे एवढं कारण पुरेसं होतं.

थांबायचं नाही म्हणजे एका दमात पळत सुटायचं असंही नाही, आणि क्लासचं इथेच चुकत होतं असं माझं मत आहे. परीक्षेचं सॉफ्टवेअर माणसांनी मार्क दिलेल्या असंख्य रेकॉर्डिंगवरून शिकवलेलं असतं. चांगलं बोलणारा माणूस वाक्याच्या सांध्यावर थांबतो, शब्दाशब्दात थांबत नाही. म्हणून आमच्या वाक्यात थांबायला मोठी जागा एकच, 'क्विकली'च्या नंतर. 'समर'नंतर जेमतेम श्वासाएवढी. मी पेन्सिलने शब्दांचे गठ्ठे पाडले आणि एकेक गठ्ठा एकाच शब्दासारखा म्हणायचा सराव केला: थ्रूदसमर. दहा दिवसांनी तेच वाक्य नऊ सेकंदांत बसलं, तेही न पळता. डोंगरांच्या मधल्या सपाट रेघा नऊवरून दोनवर आल्या होत्या.

यात मराठी तोंडाची एक अडचण मला पहिल्यांदाच कळली. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ देतो. मी इंग्रजी वाचताना 'द', 'इज', 'इट्स' यांना 'सॉइल' आणि 'हेवी'एवढंच वजन देत होते. इंग्रजीत हे छोटे शब्द दबून जातात आणि अर्थाचे शब्द वर येतात. सगळ्यांना सारखं वजन दिलं की बोलणं तुटक वाजतं, आणि तुटकपणा ओघाच्या मार्कांत पकडला जातो. शब्दाच्या आतही तसंच. 'डेव्हलपमेंट'मध्ये मी पहिल्या अक्षरावर जोर द्यायचे, तो असतो दुसऱ्यावर, 'व्हे'वर. असे पन्नासेक शब्द मी डिक्शनरीतून ऐकून वहीत लिहून काढले.

उच्चाराबद्दल मात्र मी उगाच घाबरले होते. आपला हेल चालतो. ऐकणाऱ्याला स्वर आणि व्यंजनं सहज ओळखू यायला हवीत एवढंच. अडचण तिथे, जिथे आवाज बदलल्याने शब्दच दुसरा होतो. मी 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' एकसारखेच म्हणत होते. 'आस्क्ड'चा शेवट गिळत होते, म्हणजे ऐकणाऱ्यापर्यंत 'आस्क'च पोहोचत होता. 'वेस्ट'ला ओठांचा चंबू करायचा आणि 'व्हेस्ट'ला वरचे दात खालच्या ओठाला लावायचे, एवढं आरशासमोर रोज पाच मिनिटं केलं. परदेशी हेल काढायचा प्रयत्न केला नाही, आणि कुणी करू नये असं मनापासून वाटतं. त्याने वेग तरी जातो किंवा शब्द तरी.

रिपीट सेंटेन्समध्ये मजकुराला तीनच मार्क. सगळे शब्द योग्य क्रमाने आले तर तीन, निदान निम्मे आले तर दोन, त्याहून कमी असतील तर एक, जवळजवळ काहीच नसेल तर शून्य. भाऊ वाक्य एकदाच वाचायचा आणि मी म्हटलेले शब्द बोटांवर मोजायचा. एक वाक्य होतं: 'स्टुडंट्स हू मिस द डेडलाइन मस्ट काँटॅक्ट द डिपार्टमेंट ऑफिस.' दहा शब्द. मी 'काँटॅक्ट'पर्यंत आले आणि पुढचं गेलं. पहिल्या परीक्षेत अशा वेळी मी डोळे मिटून आठवत बसायचे आणि तेवढ्यात माइक बंद व्हायचा. हिशोब केला तर 'काँटॅक्ट'पर्यंत सात शब्द क्रमाने आलेले असतात. मजकुराचे दोन मार्क हातात असतात. तिथे वाक्य संपल्यासारखा आवाज खाली आणून गप्प बसलं तर ओघही शाबूत राहतो. मनाने रचलेलं शेपूट जोडून मजकुराचा एकही मार्क वाढत नाही, आणि ते रचताना जीभ हमखास अडखळते.

सुरुवातीला मी परीक्षेत मिळणाऱ्या पाटीवर शब्दांची पहिली अक्षरं लिहायचा प्रयत्न केला. हात लिहायला लागला की कान बंद व्हायचे. तो नाद सोडला. त्याऐवजी कोण, काय, कुठे एवढं चित्र डोळ्यांसमोर धरून ऐकायचं. चित्र धरलं की बहुतेक शब्द आपोआप येतात, सुटतात ते 'द' आणि 'ऑफ'. तीनचे दोन होतात ते बहुधा या चिमुकल्यांमुळेच, म्हणून शेवटचे पंधरा दिवस आम्ही फक्त तेच मोजले.

दुसऱ्या वेळी पुण्याच्या केंद्रात माझ्या शेजारच्या खुर्चीतला मुलगा अक्षरशः ओरडून वाचत होता. बहुतेक त्यालाही कुणीतरी मोठ्याने बोला म्हणून सांगितलं असणार. मी माइक ओठांच्या किंचित बाजूला सरकवला, म्हणजे श्वासाचा फुस्स आवाज जाणार नाही, चाचणीचं रेकॉर्डिंग ऐकून घेतलं आणि नेहमीच्या आवाजात वाचायला लागले. तिसऱ्या परिच्छेदात 'कन्सिडरेबल'च्या जागी 'कन्सिडरेट' गेलं. मला ते म्हणतानाच कळलं. जीभ मागे वळायला निघालीच होती. मी पुढचा गठ्ठा उचलला.

दोन दिवसांनी निकाल आला. स्पीकिंग 71.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा जायला अजून काही महिने होते. आठवीच्या वर्गात क्षारांचा धडा होता. मी 'सोडियम क्लोराइड' म्हटलं, थांबले, वह्यांवर नजर फिरवली आणि परत एकदा सावकाश म्हटलं.